घड्याळावरच इंटर्व्हल वर्कआउट बांधताना: वॉर्म-अप, रिपीट आणि रेस्ट नेमके कशावर संपवायचे?

अबोली_र

पुढचे काही आठवडे मला आठशेचे रिपीट करायचे आहेत. आराखडा साधा आहे. आधी वॉर्म-अप, मग ८०० मीटर सहा वेळा, प्रत्येकानंतर ४०० मीटर हळू जॉग आणि शेवटी कूल-डाउन. आठशे चार मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटांचा पेस. धावायचं ४०० मीटरच्या ट्रॅकवर.

हे सगळं मला घड्याळावरच बांधायचं आहे. फोन मी ट्रॅकवर नेत नाही आणि आराखडा बरेचदा तिथे पोचल्यावर बदलतो, त्यामुळे फोनच्या अ‍ॅपमध्ये आदल्या रात्री करून ठेवण्याचा उपयोग होत नाही.

घड्याळातल्या तयार इंटर्व्हलमध्ये मी ८०० मीटर, रेस्ट ४०० मीटर, रिपीट ६ असं भरलं. पहिलाच रिपीट रेषेच्या अलीकडे संपला. मी अजून पळतेय आणि घड्याळ रेस्ट मोजतंय. पुढची रेस्टही तिथूनच मोजली गेली, त्यामुळे दुसरा रिपीट रेषेच्या अलीकडूनच सुरू झाला. चौथ्यापर्यंत सुरुवात वळणावर सरकली होती. सहावा संपल्यावरसुद्धा घड्याळाने रेस्ट दिलीच, कूल-डाउन त्यानंतर आलं.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वॉर्म-अपला वेळ ठरवून द्यावी की तो मोकळा ठेवावा? ट्रॅकवर रिपीट अंतरावर ठेवावा का? आणि त्या शेवटच्या रेस्टचं काय करायचं?

गतिमान

हा जीपीएसचा प्रश्न आहे. सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी वाचवणारा मोड बंद करा आणि सगळ्यात अचूक मोड निवडा. सिग्नल मिळाल्याची खूण दिसल्यावरही मिनिटभर थांबा आणि मगच स्टार्ट दाबा. मी एवढं केल्यापासून माझं अंतर चोख येतं. दुसरा उपाय म्हणजे ऑटो लॅप ४०० मीटरवर लावून टाका, दर फेरीला आपोआप लॅप पडेल. वर्कआउट बांधायची गरजच नाही.

धाववाट

गतिमान, सिग्नलसाठी थांबणं आणि अचूक मोड निवडणं, दोन्ही करायलाच हवं. पण अबोलीचा प्रश्न त्याने सुटणार नाही, आणि ऑटो लॅप ४०० ला लावला तरी तोही जीपीएसच्याच अंतरावर पडणार. रेषा कुठे आहे हे त्यालाही माहीत नसतं.

जरा हिशेब करू. ट्रॅकवर सतत वळणं असतात, मनगट हलत असतं, आणि दीड टक्क्याची चूक तर चांगल्या घड्याळालाही होते. ८०० चा दीड टक्का म्हणजे १२ मीटर. किलोमीटरला पाच मिनिटांच्या पेसने एका मीटरला ०.३ सेकंद लागतो, म्हणजे ३.६ सेकंद. चार मिनिटांच्या रिपीटमध्ये एवढा फरक मोठा आहे. आठवड्याआड तुम्ही ज्या सुधारणेकडे बघणार आहात ती साधारण तेवढीच असते.

त्याहून त्रासदायक म्हणजे ही चूक साठत जाते. घड्याळ प्रत्येक टप्पा मागचा टप्पा जिथे संपला तिथून मोजतं. पहिला १२ मीटर अलीकडे संपला, रेस्ट ६ मीटर अलीकडे संपली, की दुसऱ्या रिपीटची सुरुवात १८ मीटर मागे. तुमची चौथी सुरुवात वळणावर गेली ती अशी.

आता मूळ मुद्दा. घड्याळात टप्पा संपवायचे मुख्य प्रकार तीन: अंतर, वेळ आणि उघडा. उघडा म्हणजे तुम्ही लॅप बटण दाबेपर्यंत तो टप्पा चालूच राहतो. बहुतेकजण रिपीट ८०० मीटरचा म्हणून टाइप अंतर निवडतात. पण ट्रॅकवर अंतर जमिनीवर आखलेलंच आहे. ते घड्याळाला मोजायला लावू नका. तुम्ही रेषेवर बटण दाबा, घड्याळाला फक्त वेळ मोजू द्या. वेळेच्या बाबतीत ते चुकत नाही.

माझ्याकडे गार्मिनचं फोररनर आहे, त्यावर असं करतो. रन निवडायचं, स्टार्ट दाबायच्या आधी डावीकडचं मधलं बटण धरून ठेवायचं, म्हणजे मेनू उघडतो. मग `Training`, त्यात `Intervals`, त्यात `Structured Repeats`, आणि तिथे `Edit Workout`. आता या गोष्टी भरायच्या:

`Interval` चा टाइप `Open`
`Rest` चा टाइपही `Open`
`Repeat` ६
`Warm Up` `On`
`Cool Down` `On`

मागे आलात की ते जतन होतं आणि पुढच्या वेळी बदलेपर्यंत तसंच राहतं. जुन्या मॉडेलवर `Structured Repeats` ही पायरी दिसत नाही, `Intervals` मध्येच थेट हे पर्याय असतात.

या बांधणीत वॉर्म-अप आणि कूल-डाउन दोन्ही मुळातच उघडे असतात. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मेनूनेच दिलं आहे, आणि मला ते पटतं. वॉर्म-अपला १५ मिनिटं भरून ठेवली की पंधरावं मिनिट संपताक्षणी पहिला रिपीट सुरू होतो, मग तुम्ही बूट बांधत असा नाहीतर ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला असा. उघडा ठेवला तर जॉग, ड्रिल, दोन-चार स्ट्राइड्स, पाण्याचा घोट, सगळं त्यात बसतं. रेषेवर उभं राहायचं, बटण दाबायचं आणि निघायचं.

अबोली_र

हे मला सुचलंच नव्हतं. अंतराचा रिपीट म्हणजे टाइप अंतर, असंच मी धरून चालले होते.

पण मग किती वेळा बटण दाबावं लागेल? आणि एखादं दाबायचं राहिलं किंवा दोनदा दाबलं गेलं तर?

धाववाट

सहा रिपीटला लॅप बटण १३ वेळा दाबावं लागतं. एकदा वॉर्म-अप संपवताना, सहा वेळा रिपीटच्या शेवटी, सहा वेळा रेस्टच्या शेवटी. स्टार्ट आणि स्टॉप वेगळे.

तुमचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो. सहा रिपीटच्या मध्ये जॉग पाचच लागतात, पण घड्याळ रिपीट आणि रेस्टची जोडी सहा वेळा चालवतं. म्हणून शेवटच्या आठशेनंतर सहावी रेस्ट येतेच. ती उघडी असली की एक दाबून पुढे जाता येतं. मी मात्र ती लगेच ओलांडत नाही. दम खाली येईपर्यंत उभं राहणं, चालणं तिच्यात जाऊ देतो आणि जॉग सुरू करताना दाबतो. कूल-डाउनचा पेस स्वच्छ मिळतो.

दोनदा दाबलं गेलं तर रेस्ट एका सेकंदात संपते आणि घड्याळाच्या मते तुम्ही पुढच्या रिपीटमध्ये असता. हे कळतं पडद्यावरून, आकडा ३/६ चा ४/६ झालेला दिसतो आणि तुम्ही तर जॉग करताय. लगेच पुन्हा एकदा दाबा. तो खोटा रिपीट काही सेकंदांत संपतो आणि तुम्ही पुन्हा रेस्टमध्ये येता. आता घड्याळ एकाने पुढे आहे, म्हणजे त्याचे सहा संपतील तेव्हा तुमचा एक बाकी असेल. यासाठी मी `Repeat` नेहमी एकाने जास्त भरतो. सहा करायचे असतील तर ७. लागला नाही तर दोनदा दाबून ओलांडता येतो, किंवा तिथेच स्टॉप करता येतं.

दाबायचं राहिलं, तर ते बहुतेक वॉर्म-अपनंतरचं राहतं. पहिला आठशे वॉर्म-अपमध्येच जमा होतो आणि नंतर तो वेगळा काढता येत नाही. पडद्यावर सध्याच्या टप्प्याचं नाव दिसतं, पहिल्या वीस पावलांत एकदा तिकडे नजर टाका.

सावकाश

मी अगदी नवा आहे. गुडघ्याच्या दुखण्यानंतर पुन्हा धावायला सुरुवात केली आहे. मला १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं, असं दहा वेळा सांगितलं आहे. माझ्या घड्याळात रेस्ट संपतच नाही. दोन मिनिटं लावली आहेत, पण मनगटावरचे आकडे मध्येच थांबतात, मग परत सुरू होतात. कधी कधी चालणं तीन-साडेतीन मिनिटांवर जातं. धाग्यातल्या सल्ल्याप्रमाणे मीही सगळं उघडं ठेवावं का? दर मिनिटाला बटण दाबणं मला अवघड वाटतं.

धाववाट

सावकाश, तुम्ही उघडं ठेवू नका. तुमचा आराखडा वेळेचा आहे, मीटरचा नाही, तेव्हा रिपीट आणि रेस्ट दोन्हींचा टाइप वेळ हाच योग्य. फक्त वॉर्म-अप उघडा असू द्या.

आकडे थांबतात त्याचं कारण ऑटो पॉज असणार. तुम्ही उभे राहिलात किंवा फार हळू चाललात की घड्याळाला वाटतं तुम्ही थांबलात, आणि ते टायमर रोखतं. टायमर रोखला की रेस्टची उलटी मोजणीही रोखली जाते. खात्री करायची असेल तर वर्कआउट संपल्यावर नोंद उघडा. टायमरचा वेळ आणि एकूण गेलेला वेळ असे दोन आकडे असतील. दुसरा पहिल्यापेक्षा बराच जास्त असेल तर हेच घडतंय. रन या प्रकाराच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो पॉज बंद करा. इंटर्व्हल करणाऱ्या कुणालाच तो लागत नाही.

सावकाश

बघितलं. टायमर ३४ मिनिटं आणि एकूण ४६ मिनिटं दिसतंय. बंद करतो. खूप आभार.

नीलपक्षी

मी बरीच वर्षं ट्रॅकवर धावतो, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. सगळंच उघडं ठेवायचं असेल तर एवढी बांधणी कशाला? साधा रन सुरू करा, ऑटो लॅप बंद करा आणि रेषेवर लॅप दाबत राहा. घरी येऊन लॅपची यादी बघितली की आठशे कुठले आणि जॉग कुठले हे वेळेवरूनच कळतं. घड्याळ जितकं कमी सांगेल तितकं लक्ष पावलांकडे राहतं.

धाववाट

नीलपक्षी, तेही चालतं, मी पूर्वी तसंच करत असे. बांधणीचे मला तीन फायदे दिसतात. कितवा रिपीट चालू आहे ते पडद्यावर दिसतं, आणि पाचव्यानंतर दमलेल्या डोक्याला मोजणी जमत नाही. पडदा टप्प्याप्रमाणे बदलतो, रेस्टमध्ये रेस्टची वेळ मोठी दिसते. नोंदीत रिपीट आणि रेस्ट वेगळ्या नावांनी जमा होतात, त्यामुळे सहा आठशेंची सरासरी काढताना जॉग त्यात मिसळत नाही.

तुमच्या पद्धतीच्या जवळचा एक पर्याय नव्या फोररनरमध्ये आहे, `Intervals` मध्येच `Open Repeats`. त्यात काहीच भरावं लागत नाही. लॅप दाबला की रिपीट, परत दाबला की रेस्ट. किती करायचे ते आधी ठरलेलं नसेल तर तो उत्तम. पण त्यात ४/६ असा आकडा दिसू शकत नाही, कारण सहा हे त्याला सांगितलेलंच नसतं.

नीलपक्षी

मोजणीचा मुद्दा मान्य. बाकी मी माझ्या पद्धतीवर ठाम.

मुक्ता

अ‍ॅपल वॉच वापरणाऱ्यांसाठी लिहिते. watchOS 9 पासून, म्हणजे २०२२ पासून, घड्याळावरच असा वर्कआउट बांधता येतो. वर्कआउट अ‍ॅपमध्ये रनच्या चौकोनावरचे तीन ठिपके दाबायचे, खाली सरकून `Create Workout`, मग `Custom`. तिथे वॉर्म-अप, मधले टप्पे आणि कूल-डाउन भरता येतात. मधल्या टप्प्यांना तिथे वर्क आणि रिकव्हरी म्हणतात. प्रत्येकाला वेळ, अंतर किंवा उघडा असं ठरवता येतं. नंतरच्या आवृत्त्यांत बटणांच्या जागा बदलल्या आहेत, पण रचना तीच.

माझं सगळं अंतरावर असतं आणि मी खूश आहे. पण मी ट्रॅकवर जात नाही, नदीकाठच्या रस्त्यावर धावते. मला कुठली रेषा गाठायची नसते. अबोलीच्या वाट्याला आलेला त्रास मला कधी जाणवला नाही तो बहुधा त्यामुळेच.

एक अडचण मात्र कुठल्याही टचस्क्रीनवर येते. घामाच्या बोटाने पडद्यावरचं बटण लागत नाही, किंवा भलतंच लागतं. उघडे टप्पे ठेवणाऱ्यांनी खऱ्या दाबायच्या बटणाचंच घड्याळ घ्यावं असं मला वाटतं.

धाववाट

मुक्ता, अगदी बरोबर. रस्त्यावर अंतराचा टप्पा ठीक चालतो. तिथेही ते १२ मीटर चुकतातच, पण सुरुवात कुठूनही झाली तरी बिघडत नाही. झाडं किंवा उंच इमारती दाट असतील तर मी रस्त्यावर वेळेचा टप्पा घेतो. ८०० मीटरऐवजी ४ मिनिटं जोरात आणि २:४५ हळू. शरीराला मीटर कळत नाहीत, किती वेळ किती जोर ते कळतं.

पहाटवारा

मी सुंटोवाला. माझ्या घड्याळात सुरू करण्याआधीच्या पर्यायांत `Intervals` आहे. तिथे रिपीट, इंटर्व्हल आणि रिकव्हरी एवढंच भरायचं. वॉर्म-अपची वेगळी ओळ नाही, पण तिची गरजही पडत नाही. रन सुरू करून हवा तेवढा जॉग करायचा, मग इंटर्व्हलच्या पडद्यावर जाऊन वरचं बटण दाबलं की तिथून इंटर्व्हल सुरू होतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे आतली लेन शर्यतीचा सराव करणाऱ्यांसाठी राखलेली असते, मी चौथ्या लेनमधून धावतो. रेषेवर बटण दाबून माझा आठशे नेहमी चार मिनिटं तेरा-चौदा सेकंदांचा येतो आणि रस्त्यावर मात्र चार मिनिटांत होतो. ट्रॅकवर माझा वेग खरंच कमी होतो का?

धाववाट

वेग कमी होत नाही, तुम्ही जास्त अंतर धावताय. प्रमाण ट्रॅकवर ४०० मीटर ही पहिल्या लेनची फेरी आहे, तीही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजलेली. लेनची रुंदी १.२२ मीटर असते. एक लेन बाहेर गेलं की फेरी साधारण ७.७ मीटरने वाढते. चौथी म्हणजे तीन लेन बाहेर, फेरीला २३ मीटर जास्त. दोन फेऱ्यांना ४६ मीटर. किलोमीटरला पाच मिनिटांच्या पेसने ते जवळजवळ १४ सेकंद होतात. तुमचा फरक बरोबर तेवढाच आहे.

यावर दोन उपाय आहेत. एकतर लेनचं लक्ष्य वेगळं धरा, चौथ्या लेनमध्ये तुमचे ४:१४ म्हणजे पहिल्या लेनचे ४:००. किंवा ट्रॅकवर लेनच्या सुरुवातीच्या तिरक्या खुणा असतात, त्यातली चौथ्या लेनमधली ४०० मीटरची खूण शोधा. तिथून सुरू करून अंतिम रेषेवर आलात की तुमच्या लेनमध्ये बरोबर ४०० होतात. ८०० ला मात्र दुसऱ्या फेरीचे २३ मीटर उरतातच, त्यामुळे मला पहिला उपाय सोपा वाटतो.

काही घड्याळांत ट्रॅक रन असा वेगळा प्रकार असतो. त्यात लेनचा क्रमांक विचारतात आणि सुरुवातीच्या काही फेऱ्यांत घड्याळ तो ट्रॅक शिकून घेतं. त्या फेऱ्या ठरलेल्या लेनमध्येच पळा. मध्येच लेन बदलली की शिकलेलं बिघडतं. तुमच्याकडे तो असेल तर अंतराचे टप्पेही ट्रॅकवर बऱ्यापैकी जमतात. वॉर्म-अपच्या फेऱ्या यासाठीच वापरा.

अबोली_र

आज सगळं उघडं ठेवून करून बघितलं. `Repeat` ७ भरले, सहा केले. आठशेच्या वेळा अशा आल्या: ३:५८, ४:०१, ४:००, ४:०२, ४:०३, ३:५९. सुरुवात प्रत्येक वेळी रेषेवरून, घड्याळ मध्ये कुठेच आलं नाही.

पण नोंद उघडल्यावर दोन गोष्टी खटकल्या. घड्याळ दुसरा रिपीट ८१५ मीटरचा दाखवतंय आणि त्याचा पेस ४:५६. मी तर दोन फेऱ्याच धावले, पहिल्या लेनमध्ये. दुसरं म्हणजे जॉग. पहिला ४०० मीटर जॉग २:४१ चा, पाचवा ३:०५ चा. म्हणजे रेस्ट हळूहळू वाढत गेली. अंतर तेच, विश्रांती मात्र २४ सेकंदांनी जास्त. हे चालतं का?

धाववाट

पेसचं उत्तर सोपं. टप्पा तुम्ही संपवला, पण अंतर घड्याळाने जीपीएसनेच मोजलं. ८१५ मीटर २४१ सेकंदांत, म्हणून ४:५६. खरे ८०० आहेत, २४१ सेकंद, म्हणजे ५:०१. ट्रॅकवर नोंदीतली फक्त वेळ वाचायची. मी तर रिपीटच्या पडद्यावरून पेस काढून टाकला आहे. टप्प्याची वेळ आणि हार्ट रेट, दोनच आकडे. पहिली फेरी दोन मिनिटांत आली की सगळं ठीक.

रेस्टचं सांगायचं तर मी अंतराच्या बाजूचा आहे. दमल्यावर जॉग हळू होणं स्वाभाविक आहे. रेषेवरून रेषेवर यायचं असेल तर ४०० हेच सोयीचं.

गतिमान

इथे मी सहमत नाही. रेस्ट वाढली तर पाचवा-सहावा रिपीट सोपा होतो, आणि मग ३:५९ चा अर्थ काय? रेस्टचा टाइप वेळ ठेवा, २:४५. घड्याळ शेवटच्या सेकंदांत बीप देतं, आपण तयार राहतो. रिपीट उघडा, रेस्ट वेळेची. दोन्ही एकत्र चालतं की.

धाववाट

गतिमान, बांधायला ते चालतं, पण एक पेच आहे. २:४५ संपली की घड्याळ तुमची वाट बघत नाही, रिपीटचा टायमर त्याच क्षणी सुरू होतो. तेव्हा तुम्ही रेषेच्या २० मीटर अलीकडे असाल तर जॉगच्या वेगाने आठेक सेकंद रिपीटमध्ये घुसतात. आणि आधीच पोचलात तर रेषेवर उभं राहून वाट बघावी लागते.

गतिमान

उभं राहिलं तर काय बिघडलं? शेवटचे दहा सेकंद रेषेवर उभं राहायचं, बीपवर निघायचं. मी ३०० मीटर जॉग करतो, १०० मीटर चालतो आणि बीपपर्यंत रेषेवर येतो. ऑटो पॉज मात्र बंद हवा, सावकाशना जे सांगितलंत तेच.

नीलपक्षी

या मुद्द्यावर मी गतिमानच्या बाजूने. विश्रांती ठरलेली नसेल तर दोन आठवड्यांची तुलना होत नाही.

अबोली_र

मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतंय. पुढच्या वेळी रेस्ट उघडीच ठेवते, पण पडद्यावर रेस्टची वेळ बघून २:४५ च्या आसपास रेषेवर येईन. जमलं नाही तर वेळेची लावून बघते.

गतिमान

आणखी एक. मी रिपीटला पेसचं लक्ष्य लावतो, ४:५० ते ५:१०. बाहेर गेलं की घड्याळ टोकतं. तेही करून बघा.

धाववाट

आठशेला कदाचित चालेल, दोनशेला अजिबात नाही. चालू पेसचा आकडा जीपीएसवरून येतो आणि तो उड्या मारू नये म्हणून घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं. जॉगवरून वेगात गेलात की आकडा खऱ्या वेगाला गाठेपर्यंत दहाएक सेकंद जातात. तोवर घड्याळ "वेग वाढवा" म्हणत राहतं, माणूस ऐकतो आणि पहिले १०० मीटर जास्तच जोरात जातो. हार्ट रेटचं लक्ष्य तर त्याहून मागे, ठोके वर यायला मिनिटभर सहज लागतं. लक्ष्य लावायचंच असेल तर चालू पेसऐवजी लॅप पेस पडद्यावर ठेवा आणि टोकणी बंद करा.

गतिमान

माझे बहुतेक रिपीट हजाराचे असतात, मला ती टोकणी उपयोगी पडते. पण सुरुवातीला घड्याळ ओरडतं हे खरं आहे.

मुक्ता

एक शंका. शिडी करायची असेल तर? ४००, ८००, १२००, ८००, ४००. किंवा २०० चार वेळा ३० सेकंद रेस्टने, मग ३ मिनिटं मोठी रेस्ट, असे तीन संच. घड्याळावरच्या साध्या मेनूत एकच इंटर्व्हल आणि एकच रेस्ट भरता येते ना? त्यासाठी अ‍ॅपमध्ये जावंच लागेल?

धाववाट

टप्पे अंतराचे किंवा वेळेचे हवे असतील तर हो, फोररनरच्या त्या झटपट मेनूत वेगवेगळे अंक बसत नाहीत, संचात संचही करता येत नाही. ते आधीच बांधून घड्याळावर पाठवावं लागतं.

पण ट्रॅकवर उघडे टप्पे असतील तर गरज नाही. घड्याळाला ४०० आणि १२०० मधला फरक सांगावाच लागत नाही, ते फक्त पुढच्या दाबण्याची वाट बघतं. शिडीला `Repeat` ५, दोन्ही `Open`. तीन संचांना `Repeat` १२. चौथ्या आणि आठव्या रेस्टला तुम्ही तीन मिनिटं दाबायचं नाही, एवढंच. पडद्यावर ४/१२ आणि ८/१२ दिसलं की मोठी रेस्ट. बारावी रेस्ट ओलांडून कूल-डाउन.

फक्त ३० सेकंदांची रेस्ट उघडी ठेवली तर बीप मिळत नाही, आणि एवढ्या कमी वेळात पाच सेकंद इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो. रेस्टमध्ये नजर मनगटावर ठेवा, २७-२८ ला रेषेवर उभे राहा.

मुक्ता

मग माझ्या अ‍ॅपलवर हे जमेल का ते या आठवड्यात बघते. उघडे टप्पे ओल्या बोटाने पंचवीस वेळा पुढे ढकलायचे आहेत, तिथेच शंका आहे. कुणी केलं असेल तर सांगा.

पहाटवारा

मी आज चौथ्या लेनमध्ये ४:१४ धरून धावलो आणि सगळे रिपीट त्याच्या आत आले. एक विचारायचं राहिलं. जॉग चौथ्या लेनमध्येच केला तर तोही ४२३ मीटरचा होतो ना? मग अबोलीच्या २:४५ ला मला साधारण २:५५ धरायला हवेत, की जॉगसाठी आत यावं?

नीलपक्षी

आत येऊ नका, आतल्या लेनमध्ये जोरात धावणारे येत असतात. २:५५ धरा.